गोल पेशी, अरुंद फट आणि पिवळे डोळे

«माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. वर्षातून दोन-तीनदा त्याचे डोळे पिवळे होतात, घरचे पिलिया म्हणतात, मग आपोआप कमी होतं. हिपॅटायटिस नाही, सिकल निगेटिव्ह, लिव्हरचे रिपोर्ट बरोबर. हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही आणि प्लीहा वाढलेली आहे. आता नागपूरच्या डॉक्टरांनी हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस सांगितलं, म्हणजे पेशी गोल आहेत. पेशी गोल असल्या तर त्या प्लीहेत का अडकतात? प्लीहा बिघडली आहे की रक्त? लिव्हर चांगलं असताना पिलिया कसा? धाकटी मुलगी ४ वर्षांची आहे, तिलाही बघावं का?»

ताई, बिघाड रक्ताच्या लाल पेशीत आहे, आणि तोही तिच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये नाही, तिच्या कातडीत आहे. प्लीहा, जिला आपल्याकडची म्हातारी माणसं पानथरी म्हणतात, ती आपलं नेहमीचंच काम करते आहे. यकृतही करतं आहे. मी नागपुरात वीसहून अधिक वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या बघते, आणि या आजाराची मुलं आमच्याकडे येईपर्यंत बहुतेकदा दोन-तीन वर्षं यकृताचीच औषधं घेऊन आलेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला घोटाळा ‘गोल’ या शब्दामुळे होतो. निरोगी लाल पेशीही वरून पाहिली तर गोलच दिसते. पण ती चकतीसारखी गोल असते, दोन्ही बाजूंनी मधे दबलेली. तुमच्या मुलाच्या पुष्कळ पेशी चेंडूसारख्या गोल आहेत. चकती आणि चेंडू यांतला फरक हाच सगळा आजार आहे.

कळमन्याच्या धान्यबाजारात तुम्ही पोती उचलताना पाहिली असतील. अर्धवट भरलेलं पोतं खांद्यावर दुमडतं, अरुंद दारातून वळवून नेता येतं, कारण धान्यापेक्षा कापड जास्त असतं. तेच धान्य लहान पोत्यात कोंबून तोंड शिवलं तर पोतं टणक होतं. ते दुमडत नाही आणि दारात अडतं. आत धान्य तेवढंच आहे, फक्त कापड कमी पडलं. निरोगी लाल पेशीचं आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन असतं आणि तिच्या आवरणाचं क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन. एवढाच ऐवज चेंडूत भरायचा तर ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरतं. म्हणजे निरोगी पेशीकडे गरजेपेक्षा चाळीसेक टक्के कापड जादा असतं, आणि त्या जादा कापडाच्या जोरावर ती वाकते, लांबते, स्वतःच्या रुंदीहून कितीतरी अरुंद जागेतून सरकून पलीकडे पुन्हा चकती होते. तुमच्या मुलाच्या पेशीचं हे जादा कापड थोडं थोडं गळून जातं. जसजसं ते गळतं, तसतशी पेशी चेंडूच्या जवळ जाते, कारण कमीत कमी कापडात जास्तीत जास्त माल मावणारा आकार चेंडूचाच.

कापड गळतं का? लाल पेशीचं आवरण दोन थरांचं असतं असं समजा. वर स्निग्ध पदार्थांचा पातळ, जवळजवळ द्रव पापुद्रा. त्याच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी. हे दोन्ही एकमेकांना ठिकठिकाणी टाचलेले असतात. अँकिरिन हे प्रथिन एका टोकाने जाळीला धरतं आणि दुसऱ्या टोकाने पापुद्र्यात रुतलेल्या ‘बँड ३’ नावाच्या प्रथिनाला. आजीच्या हातची गोधडी डोळ्यांपुढे आणा. वरचं लुगडं आणि आतले थर धावदोऱ्याने एकमेकांशी बांधलेले असतात. एखाद्या भागातले टाके उसवले की वरचं कापड तिथे फुगून येतं. पेशीत अगदी तसंच होतं. टाके विरळ असले की आधार नसलेला पापुद्रा बाहेर फुगतो आणि सूक्ष्म फुगा होऊन सुटून जातो. प्रत्येक फुग्याबरोबर थोडं कापड जातं, माल मात्र जवळपास तेवढाच राहतो. लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे गेलेलं कापड ती पुन्हा विणू शकत नाही.

कोणता टाका कच्चा आहे हे घराण्यानुसार वेगळं असतं. कुणाचं अँकिरिन, कुणाचं बँड ३, कुणाचं स्पेक्ट्रिनच कमी. परिणाम एकच, म्हणून उपचारासाठी जनुकतपासणी बहुतेक वेळा लागत नाही. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना पेशी पुष्कळशी धडच असते. तिचं कापड रक्तात फिरताना कमी होतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान प्लीहेत होतं.

आता प्लीहेकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. शरीरात बाकी सगळीकडे रक्त नळ्यांमधून वाहतं. प्लीहेच्या लाल गरात मात्र त्यातलं काही रक्त नळीतून बाहेर सोडलं जातं, स्पंजासारख्या जाळीत. तिथून परत शिरेत जायचं असेल तर एकच वाट आहे. शिरेच्या भिंतीतल्या लांबट पेशी पिंपाच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी लागलेल्या असतात, त्यांच्यामधली फट. या फटीची रुंदी जेमतेम एक मायक्रॉन, कित्येकदा त्याहून कमी, आणि लाल पेशीचा व्यास साडेसात-आठ मायक्रॉन. ही शरीरातली सर्वांत कठीण चाचणी आहे, आणि प्रत्येक पेशीला ती आयुष्यभर पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पेशी अजून वाकते का, हे प्लीहा याच फटीवर तपासते. म्हातारी झालेली, ताठर झालेली पेशी इथेच बाजूला काढली जाते.

जिच्याकडे जादा कापड नाही ती चेंडूपेशी या फटीतून जाऊ शकत नाही, किंवा फार वेळ घेते. मागून येणाऱ्या पेशी साचतात, गर्दी होते. त्या गर्दीत पेशींना साखर कमी मिळते, आजूबाजूचं रक्त आम्लधर्मी होतं, आणि तिथेच भक्षकपेशी बसलेल्या असतात. पेशीचं आणखी कापड जातं. आतून पोटॅशियम आणि पाणी झिरपून जातं, त्यामुळे उरलेलं हिमोग्लोबिन जास्त दाट होतं आणि पेशी अधिकच ताठ. अशातूनही एखादी पेशी निसटते, पण आधीपेक्षा जास्त गोल होऊन. पुढच्या फेरीत ती आणखी लवकर अडकते, आणि काही फेऱ्यांनंतर भक्षकपेशी तिला गिळते.

इथे एक गैरसमज काढायला हवा. या पेशी ‘नाजूक’ असतात म्हटल्यावर लोकांना वाटतं त्या रक्तात फिरताना फुग्यासारख्या फुटतात. बहुतांश तसं होत नाही. त्या प्लीहेत गिळल्या जातात. नळीतच पेशी फुटल्या असत्या तर हिमोग्लोबिन लघवीत उतरून लघवी लालकाळी झाली असती. या आजारात तसं दिसत नाही. दिसलं, तर मी दुसरं कारण शोधायला लागते, उदाहरणार्थ जी-६-पीडी या लाल पेशीतल्या एन्झाइमची कमतरता.

प्लीहेचा दोष नाही कशावरून? याचा पुरावा फार जुना आहे आणि मला तो अतिशय आवडतो. १८८७ साली इंग्लंडमध्ये स्पेन्सर वेल्स नावाच्या शल्यचिकित्सकांनी एका बाईचं पोट गर्भाशयाची गाठ समजून उघडलं, तर ती वाढलेली प्लीहा निघाली. त्यांनी ती काढून टाकली. त्या बाईला वर्षानुवर्षं येणारी कावीळ थांबली. सुमारे चाळीस वर्षांनी डॉसन या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, तेव्हा तिच्या पेशी मिठाच्या पाण्याच्या चाचणीत अजूनही ठिसूळच होत्या. म्हणजे पेशीचा दोष जन्मभर तसाच होता, तिला अडवणारी फट तेवढी उरली नव्हती. पुढे १९४० च्या दशकात निरोगी माणसाच्या पेशी अशा रुग्णांना देऊन पाहिल्या, तर त्या नेहमीइतक्या जगल्या. उलट रुग्णाच्या पेशी निरोगी माणसाच्या शरीरात लवकर मेल्या. प्लीहा बिघडलेली असती तर उत्तर उलटं आलं असतं. तुमच्या मुलाची प्लीहा वाढली आहे ती या गर्दीमुळे आणि वाढलेल्या कामामुळे.

मग कावीळ. भक्षकपेशी गिळलेल्या हिमोग्लोबिनमधलं लोह काढून शरीराला परत देते. लोहाला धरून ठेवणाऱ्या रेणूच्या कड्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते रक्तातल्या अल्ब्युमिनवर बसून यकृतापर्यंत जातं. यकृत त्याला विरघळणारं करून पित्तात सोडतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. निरोगी प्रौढ माणूस रोज सहाएक ग्रॅम हिमोग्लोबिन मोडतो, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पेशी कित्येक पटीने लवकर मोडू लागल्या की यकृताच्या दारात मालाची रांग लागते. यकृत सुस्त नाही, आवक वाढली आहे.

म्हणूनच रिपोर्टमध्ये एकूण बिलिरुबिन वाढलेलं असतं पण त्यातलं यकृताने विरघळणारं केलेलं, म्हणजे ‘डायरेक्ट’, जवळपास नेहमीइतकंच असतं, आणि यकृताला इजा झाल्यावर वाढणारं एसजीपीटी बरोबर येतं. वाढलेलं बिलिरुबिन विरघळत नसल्यामुळे लघवीतही उतरत नाही. डोळे पिवळे, पण लघवीत बिलिरुबिन नाही, ही खूण एका साध्या पट्टीवर कळते. लघवी थोडी गडद दिसू शकते, पण हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द, कपड्याला डाग पडावा तशी होत नाही. तशी झाली आणि शौचाचा रंग मातीसारखा फिका पडला, तर पित्तमार्गात खडा अडकल्याची शंका घ्यायची. जादा बिलिरुबिनचे काळे खडे पित्ताशयात लहान वयातही होतात. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. यकृत धड असेल तर केवळ पेशी मोडल्यामुळे बिलिरुबिन सहसा ४-५ च्या वर जात नाही. १० किंवा १२ आलं तर खडा, यकृताचा संसर्ग किंवा सोबत असलेला गिल्बर्टचा दोष, म्हणजे बिलिरुबिन विरघळणारं करण्याची यकृताची जन्मजात मंद गती, शोधायला हवा.

कावीळ आपोआप उतरते याचंही कारण यातच आहे. ताप-सर्दीत काही दिवस पेशी जास्त मोडतात, डोळे पिवळे होतात, ताप गेला की मोडणं पुन्हा नेहमीवर येतं. नेमक्या त्याच आठवड्यात काविळीची माळ घातलेली असते किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुतलेले असतात, आणि गुण त्यांना मिळतो. त्यामागे आईवडिलांची काळजी असते, मी त्यांना कधी दोष देत नाही. पण दरवेळी ‘उतरली’ म्हणून पुढची तपासणी राहून जाते.

आपल्या भागात आणखी एका कारणाने हा आजार उशिरा कळतो. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. त्यामुळे फिकं मूल, पिवळे डोळे, वाढलेली प्लीहा दिसली की पहिली तपासणी सिकलची होते, आणि ती व्हायलाच हवी. अडचण पुढे येते. निगेटिव्ह आली की ‘रक्ताचं काही नाही’ असा अर्थ घेतला जातो. किंवा मुलगा ‘एएस’ म्हणजे फक्त वाहक निघतो आणि सगळं खापर त्यावर फुटतं. नुसत्या वाहक असण्याने हिमोग्लोबिन ९ होत नाही आणि डोळे पिवळे होत नाहीत. सिकलची आणि थॅलेसेमियाची तपासणी हिमोग्लोबिन बघते. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन निर्दोष आहे, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी बरोबरच येणार. दोष आवरणात असला तर ती तपासणी त्याला दाखवू शकत नाही.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. काटोलकडची ११ वर्षांची मुलगी. दोन वर्षं लोहाचं सिरप चाललेलं, हिमोग्लोबिन हलत नव्हतं. सिकल निगेटिव्ह, एचपीएलसी बरोबर. प्लीहा बरगडीखाली चार सेंटिमीटर. हिमोग्लोबिन ८.९, पेशींचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही ७८, एकूण बिलिरुबिन ३.९, त्यातलं डायरेक्ट ०.४, एसजीपीटी २४. आणि एमसीएचसी ३६.८.

हा शेवटचा आकडा सीबीसीच्या प्रत्येक रिपोर्टवर छापलेला असतो आणि त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. पेशीच्या आत हिमोग्लोबिन किती दाट भरलं आहे, ते तो सांगतो. साधारण ३२ ते ३५ च्या आसपास असतो. लोहाच्या कमतरतेत तो खाली जातो, वर जाणं हे फार थोड्या गोष्टींमध्ये होतं. वर सांगितलं तसं, पाणी गमावलेल्या चेंडूपेशीत तो ३५-३६ च्या पुढे जातो. पण नमुन्यातल्या पेशी गारठ्याने एकमेकींना चिकटल्या, रक्तरसात चरबी जास्त असली, किंवा नमुना घेताना पेशी फुटल्या, तरीही यंत्र तो खोटाच जास्त दाखवतं. म्हणून सुरुवातीच्या काही वर्षांत माझ्या हातूनही असे आकडे ‘यंत्राची चूक’ म्हणून सुटले असणार, याची मला खंत आहे. आता आमचा नियम साधा आहे. एमसीएचसी वाढलेला दिसला की नमुना ३७ अंशांवर गरम करून पुन्हा लावायचा आणि काचपट्टी बघायची. गरम करूनही आकडा तसाच राहिला आणि रक्तरसात चरबी किंवा फुटलेल्या पेशींचा लालपणा नसला, तर तो पेशीचाच आहे. या मुलीचा तसाच राहिला.

काचपट्टीवर चेंडूपेशी लहान, गडद आणि मधल्या फिक्या वर्तुळाशिवाय दिसते. पण पट्टीच्या शेपटाकडे, जिथे रक्ताचा थर अति पातळ असतो, तिथे धडधाकट माणसाच्या पेशीही पसरून अशाच दिसतात. म्हणून पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्याच पट्ट्यात बघावं लागतं. त्या पट्ट्यात या मुलीच्या पुष्कळ पेशी चेंडू होत्या. नव्याने आलेल्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, ११ टक्के होत्या. मोठ्या मुलांमध्ये आणि प्रौढांत त्या अर्धा ते अडीच टक्क्यांच्या घरात असतात. म्हणजे अस्थिमज्जा कारखाना रात्रंदिवस चालवत होती, माल रस्त्यात गायब होत होता. लोहाच्या कमतरतेत असं दिसत नाही. मोडलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं, त्यामुळे लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन कमी असल्याशिवाय अशा मुलांना लोह देऊ नये. नव्या पेशी बनवायला फॉलिक आम्ल मात्र जास्त लागतं, आणि ते डॉक्टर ठरवतील तेवढं द्यावं.

चेंडूपेशी दिसल्या म्हणजे आजार आनुवंशिकच, असंही नाही. शरीराने स्वतःच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर भक्षकपेशी आवरणाचा तुकडा चावून घेतात आणि पेशी तशीच गोल होते. उपचार मात्र पूर्ण वेगळे असतात. म्हणून डायरेक्ट कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह आहे हे बघितल्याशिवाय मी ‘आनुवंशिक’ हा शब्द रिपोर्टवर लिहीत नाही. तुमच्या फाइलमध्ये हा कागद आहे का ते बघा.

मग मिठाच्या पाण्याची चाचणी, ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी. मिठाचं प्रमाण उतरत्या क्रमाने ठेवलेल्या नळ्यांत थोडं थोडं रक्त घालतात. मीठ कमी झालं की पाणी पेशीत शिरतं. चकतीला फुगायला जागा असते, चेंडू आधीच भरलेला, तो लवकर फुटतो. त्या दिवशी सोबत लावलेल्या निरोगी नमुन्यात पेशी फुटायला ०.४५ टक्क्यांवर सुरुवात झाली, मुलीच्या नमुन्यात ०.६५ वर. ही चाचणी ताज्या रक्तावर, सोबत त्याच दिवशीचा निरोगी नमुना लावूनच करायची असते. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, दुचाकीच्या डिक्कीतून आलेल्या नमुन्यावर केली तर कुणाच्याही पेशी ठिसूळ दिसतील. शिवाय सौम्य रुग्णात ती बरोबरही येऊ शकते, म्हणून रक्त २४ तास ३७ अंशांवर ठेवून पुन्हा करतात. आता त्याहून बरी ईएमए नावाची चाचणी आहे. त्यातला रंग मुख्यतः बँड ३ ला चिकटतो, आणि कापडाबरोबर बँड ३ ही गेलेलं असल्यामुळे पेशी कमी चमकतात. मुलीच्या नमुन्यात चमक स्पष्ट कमी होती.

शेवटी वडिलांना बोलावलं. त्यांचं पित्ताशय खड्यांसाठी ३४ व्या वर्षी काढलेलं होतं. हिमोग्लोबिन १३.४, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती. पण रेटिक्युलोसाइट ५ टक्के आणि एमसीएचसी ३६.१. तोच दोष, फक्त त्यांची अस्थिमज्जा मोडीची भरपाई पुरेपूर करत होती. एकाच घरात आजाराचा जोर असा कमी-जास्त असू शकतो.

या मुलीने पुढे जे शिकवलं ते तुम्हाला आजच माहीत असायला हवं. वर्षभराने तिला चार दिवस बारीक ताप आला. आई म्हणाली, डोळे अगदी पांढरे झालेत, कावीळ गेली, पण पोरगी उठून बसत नाही. हिमोग्लोबिन ४.५, रेटिक्युलोसाइट ०.२ टक्के. पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू अस्थिमज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वजांना मारतो आणि आठ-दहा दिवस उत्पादन बंद पाडतो. तुमच्या-माझ्या पेशी १२० दिवस जगतात, दहा दिवस कारखाना बंद राहिला तर बाराव्या हिश्श्याएवढा तोटा, कळतही नाही. या मुलीच्या पेशी वीसेक दिवस जगत असतील असं धरा. दहा दिवसांत निम्म्या गेल्या, ८.९ चे ४.५ झाले. मोडायला पेशीच कमी उरल्या, म्हणून डोळे पांढरे झाले. त्या दिवशी पिवळेपणा जाणं ही वाईट खूण होती. तिला लाल पेशी चढवल्या, आठवड्यात मज्जा पुन्हा सुरू झाली. हा झटका साधारणपणे आयुष्यात एकदाच येतो, नंतर प्रतिकारशक्ती राहते. पण घरात हाच आजार असलेलं दुसरं मूल असेल तर पुढच्या काही दिवसांत त्याचंही हिमोग्लोबिन बघावं लागतं. म्हणून तापात तुमचा मुलगा पांढराफटक पडला, धाप लागली, नुसता झोपून राहिला, तर डोळ्यांचा रंग कसाही असो, त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट करा.

प्लीहा काढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण डॉक्टर ते बोलतीलच. काढली की पेशी गोलच राहतात, पण अडवणारी फट जाते, आणि बहुतेकांचं हिमोग्लोबिन वर येऊन कावीळ थांबते. तरी ती सरसकट काढायची नसते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस यांसारख्या जंतूंना रक्तातून गाळण्याचं काम हीच प्लीहा करते. म्हणून शक्यतो ६ वर्षांनंतर, आणि लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घेऊन. त्यानंतरचा कुठलाही ताप घरी थांबून बघण्यासारखा राहत नाही, आणि गडचिरोली-गोंदियाकडच्या जंगलभागात जाणं-येणं असेल तर मलेरियाचा धोकाही वाढतो. सौम्य आजारात काढू नये असंच माझं मत आहे. वारंवार रक्त चढवावं लागत असेल, मुलाची वाढ खुंटत असेल, तर काढण्याकडे कल असावा. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास आणि शाळा-खेळ-वाढ ठीक, अशा मधल्या मुलांचा निर्णय त्या मुलाकडे बघूनच होतो, रिपोर्टकडे बघून नाही. काटोलच्या मुलीची आम्ही काढली नाही. दर सहा महिन्यांनी सीबीसी आणि अधूनमधून पित्ताशयाची सोनोग्राफी, एवढंच चालू आहे.

आता धाकटीचं. सुमारे पाऊण घराण्यांत हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो, आणि तशा घरात प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. उरलेल्यांत आईवडील दोघेही निरोगी दिसतात. म्हणून तिघांचंही रक्त द्या, तुमचं, तिच्या बाबांचं आणि तिचं. महागड्या तपासण्यांची गरज नाही. सीबीसी, रेटिक्युलोसाइट, बिलिरुबिन आणि नीट बघितलेली काचपट्टी पुरे. ती ठणठणीत असताना द्या, तापात नको, आणि सकाळी उन्हाच्या आधी थेट लॅबमध्ये जाऊन द्या. भावाचं निदान पक्कं असेल आणि तिची पट्टी, एमसीएचसी व रेटिक्युलोसाइट त्याच्यासारखेच आले, तर मिठाच्या पाण्याची किंवा ईएमए चाचणी तिच्यासाठी पुन्हा करायची गरज नाही.